कंपनीचा फोन चोरीला जातो तेव्हा

फिलाडेल्फियातल्या कॅथलिक हेल्थ केअर सर्व्हिसेस या संस्थेकडे सहा शुश्रूषागृहांचं व्यवस्थापन आणि त्यांची संगणक सेवा पुरवण्याचं काम होतं. तिने कामासाठी दिलेला एक आयफोन चोरीला गेला. २०१४ साली प्रकरण अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याकडे पोहोचलं, तेव्हा त्या एका फोनमध्ये ४१२ वृद्धांची माहिती होती असं उघड झालं. सोशल सिक्युरिटी क्रमांक, आजाराचं निदान, चालू औषधं, नातेवाइकांची आणि पालकांची नावं, असं बरंच काही त्यात होतं. चौकशीचा निष्कर्ष दोन ओळींचा होता. फोन एन्क्रिप्ट केलेला नव्हता आणि त्याला पासवर्डही नव्हता. हरवल्यावर कोणी काय करायचं याचा लेखी नियमही संस्थेकडे नव्हता. जून २०१६ मध्ये तडजोड झाली आणि संस्थेने साडेसहा लाख डॉलर भरले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दुसऱ्या एका सरकारी आयफोनने जगभर गाजावाजा केला. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत गोळीबार झाला. हल्लेखोर काउंटीच्या आरोग्य विभागात नोकरीला होता आणि त्याच्याकडे काउंटीने दिलेला आयफोन ५सी होता. फोन मालकाचा, म्हणजे काउंटीचा. मालकाची संमती आहे, न्यायालयाचा आदेश आहे, समोर एफबीआय आहे, आणि तरीही फोन उघडेना. दहा चुकीचे पासकोड पडले तर आतला मजकूर कायमचा पुसला जाईल, ही भीती होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये एफबीआयने न्यायालयामार्फत ॲपलला ती मर्यादा उठवणारं सॉफ्टवेअर बनवायला सांगितलं, ॲपलने नकार दिला, आणि मार्चअखेर तिसऱ्याच कोणाच्या तरी मदतीने फोन उघडल्यावर सरकारने अर्ज मागे घेतला.

या वादात एक बारीक बातमी झाकली गेली. काउंटीने कर्मचाऱ्यांचे फोन दुरून सांभाळणारी यंत्रणा विकत घेतलेली होती. दर फोनमागे महिन्याला साधारण चार डॉलर खर्च. फक्त त्या फोनवर ती बसवलेली नव्हती. बसवली असती तर काउंटीच्या कार्यालयातून एक आदेश पाठवून पासकोड काढून टाकता आला असता.

ही यंत्रणा म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, कार्यालयांतल्या बोलीत एमडीएम. कंपनीचा एक सर्व्हर असतो, फोनमध्ये त्याचा एक हस्तक बसतो, आणि त्याच्यामार्फत कंपनी फोनला तीन गोष्टी सक्तीने करायला लावते: आतला डेटा एन्क्रिप्ट ठेवणं, स्क्रीनला लॉक लावणं आणि वेळ आली तर दुरून सगळं पुसणं. मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून, गूगल वर्कस्पेसची अंगभूत सोय, चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन, पुण्याच्या प्रोमोबी टेक्नॉलॉजीजचं स्केलफ्यूजन ही त्यातली ओळखीची नावं. जाहिरातींत सगळ्यात ठळक असते ती तिसरी गोष्ट, म्हणजे रिमोट वाइप. फोन गेला, बटण दाबलं, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात या तिन्हींत सर्वांत कमी भरवशाची तीच आहे, आणि सगळा भार पेलणारी गोष्ट म्हणजे स्क्रीनवरचा तो साधा पिन.

हे कसं, ते समजायला एन्क्रिप्शन फोनमध्ये नेमकं कुठे बसतं ते पाहावं लागतं. २००९ च्या ३जीएसपासून आयफोनमधली साठवण हार्डवेअरच्या पातळीवर एन्क्रिप्ट होतेच. अँड्रॉइडवर २०१९ च्या आवृत्ती १० पासून नव्याने बाजारात आलेल्या प्रत्येक फोनला फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. म्हणजे आजचा कोणताही फोन घेतला तरी आतली अक्षरं सांकेतिकच असतात. पण ती उलगडणारी किल्ली कशातून तयार होते, हा खरा प्रश्न आहे. फोनच्या चिपमध्ये एक गुप्त क्रमांक कोरलेला असतो आणि तो बाहेर वाचता येत नाही. त्या क्रमांकाशी वापरणाऱ्याचा पासकोड मिसळून किल्ली बनते. पासकोडच ठेवला नसेल तर फोन ती किल्ली आपली आपण बनवतो आणि जो कोणी स्क्रीनवर बोट फिरवेल त्याच्यासाठी सगळं उघडतो. तिजोरी भक्कम, पण किल्ली तिच्याच मुठीला लटकलेली. फिलाडेल्फियाच्या आयफोनला सरकारने ‘एन्क्रिप्ट नसलेला’ म्हटलं ते याच अर्थाने. म्हणूनच आयफोनच्या एमडीएममध्ये ‘एन्क्रिप्शन चालू करा’ असं बटण सापडत नाही. पासकोड सक्तीचा केला की संरक्षण आपोआप चालू होतं.

पासकोड किती लांब असावा, याचा हिशेबही याच रचनेतून निघतो. ॲपलने किल्ली बनवण्याची प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवली आहे. एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. चार आकड्यांचे दहा हजार पर्याय. कोणताही अडथळा नसेल तर ८०० सेकंदांत, म्हणजे जेमतेम तेरा-चौदा मिनिटांत सगळे वापरून संपतात. सहा आकड्यांचे दहा लाख पर्याय संपायला सुमारे बावीस तास लागतात. दोन्ही आकडे चोराच्या आवाक्यातले आहेत. म्हणून लांबीपेक्षा महत्त्वाची ठरते ती प्रयत्नांची मर्यादा. काही चुकांनंतर फोन दर वेळी जास्त वेळ थांबायला लावतो आणि तशी सोय चालू केलेली असेल तर दहाव्या चुकीला मजकूर पुसतो. एफबीआयला नेमकी हीच मर्यादा हटवून हवी होती. शिवाय हे पुसणं फोनच्या आतच घडतं, त्यासाठी नेटवर्क लागत नाही.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, पुण्यात रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवणारी एक संस्था आहे. साठ परिचारिका, त्यांतल्या बावीस जणींकडे संस्थेचे अँड्रॉइड फोन, बाकीच्यांचे स्वतःचे. सगळ्यांच्या फोनमध्ये रुग्णांचे पत्ते, औषधांच्या वेळा, जखमांचे फोटो. संस्थेकडे मायक्रोसॉफ्टची सेवा आहे, म्हणून ती इन्ट्यून वापरते. आयटीचं काम पाहणारा एकच माणूस आहे.

त्याचा पहिला निर्णय असतो नोंदणीचा, आणि तो नंतर बदलणं त्रासाचं असतं. संस्थेचे बावीस फोन ‘पूर्ण व्यवस्थापित’ म्हणून नोंदवायचे असतील तर ते फॅक्टरी रीसेट करून अगदी कोऱ्या अवस्थेतून सुरू करावे लागतात. स्वागताच्या पहिल्याच पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की कॅमेरा उघडतो, त्यासमोर इन्ट्यूनने दिलेला क्यूआर कोड धरायचा, आणि फोन संस्थेच्या ताब्यात जातो. वापरात असलेला, फोटो-संपर्क भरलेला फोन या मार्गाने घेता येत नाही. घाईत अनेक ठिकाणी हेच टाळलं जातं आणि कंपनीचे फोनही खासगी असल्यासारखे नोंदवले जातात. मग पुढे चोरी झाल्यावर लक्षात येतं की संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकारच आपल्याकडे नाही.

परिचारिकांच्या स्वतःच्या फोनवर ‘वर्क प्रोफाइल’ बनतं. फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा तयार होतो, त्यातल्या ॲपच्या चिन्हांवर छोटी ब्रीफकेस दिसते. संस्थेचं राज्य त्या कप्प्यापुरतं. घरचे फोटो, व्हॉट्सॲप, कोणती खासगी ॲप आहेत, हे काहीच तिला दिसत नाही. अँड्रॉइड १२ पासून तर अशा फोनचा आयएमईआय क्रमांकही दिसत नाही. हे परिचारिकांना नोंदणीच्या आधी, त्यांच्याच फोनवर दाखवून सांगावं लागतं. ‘ऑफिसवाले माझे फोटो बघतील का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, आणि त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर माणसं जखमांचे फोटो गुपचूप खासगी व्हॉट्सॲपवरून पाठवू लागतात. तिथे कोणतीच सक्ती पोहोचत नाही.

नोंदणीनंतर नियम. खासगी अँड्रॉइडवर आवृत्ती १२ पासून संपूर्ण फोनच्या लॉकसाठी संस्था नेमके आकडे ठरवू शकत नाही, फक्त कठीणपणाची पातळी निवडू शकते. खालच्या पातळीत १२३४ किंवा ४४४४ हेही चालतं, रेघा जोडण्याचा पॅटर्नही चालतो. मधल्या पातळीत पिन किमान चार आकड्यांचा, पण ओळीने येणारे किंवा एकच आकडा पुन्हापुन्हा येणारे पिन बाद. वरच्या पातळीत पिन किमान आठ आकड्यांचा, अक्षरांचा पासवर्ड असेल तर किमान सहा अक्षरांचा. कामाच्या कप्प्याला वेगळा लॉकही मागता येतो.

या संस्थेसाठी शहाणपणाची निवड अशी: संपूर्ण फोनला मधली पातळी, कामाच्या कप्प्याला वरची पातळी आणि वेगळा लॉक, बोटाच्या ठशाला परवानगी, दोन मिनिटं हात न लागल्यास स्क्रीन बंद, दहा चुकांनंतर पुसणं. खासगी फोनवर या दहा चुकांनी फक्त कामाचा कप्पा जातो, घरचे फोटो राहतात. सगळीकडे वरची पातळी लावण्याचा मोह होतो, पण दिवसातून पन्नास वेळा हातमोजे काढून आठ आकडे टाकायला लागले की तो पिन फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहिलेला सापडतो. ठसा चालत असेल तर लांब पिन दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच टाकावा लागतो, आणि माणसं तो सहन करतात.

लॉक स्क्रीनवरच्या सूचनांकडे हमखास दुर्लक्ष होतं. फोन लॉक आहे, पिन भक्कम आहे, आणि स्क्रीनवर रुग्णाचं नाव, पत्ता आणि ‘इन्सुलिन ६ वाजता’ असा अख्खा संदेश झळकतो आहे. कामाच्या कप्प्यातल्या सूचनांचा मजकूर लॉक असताना झाकण्याची सोय नियमांत आहे. ती वेगळी शोधून चालू करावी लागते.

एन्क्रिप्शनची सक्ती म्हणजे एक खूण करण्याचं काम. नव्या फोनवर ती जवळजवळ नेहमीच पूर्ण झालेली असते. तिचा उपयोग दोन ठिकाणी होतो: कोणाचा तरी सात-आठ वर्षांपूर्वीचा स्वस्त फोन त्यात अडकतो, आणि प्रत्येक फोनच्या नावापुढे ‘एन्क्रिप्टेड’ अशी नोंद तारखेसह उमटत राहते. ती नोंद किती कामाची असते ते पुढे येईलच.

इथपर्यंत सगळं झालं तरी सक्ती अजून कागदावरच असते, आणि बरीच कार्यालयं याच टप्प्यावर फसतात. इन्ट्यूनमध्ये नियम पाळले जातात की नाही हे तपासणं एक काम आहे, आणि न पाळणाऱ्या फोनला अडवणं हे दुसरं. तपासणीत फोन नापास झाला तर यादीत `Not compliant` असं दिसतं, पण ईमेल आणि रुग्णांच्या फाइल त्या फोनवर पूर्वीसारख्याच उघडत राहतात. त्यांना रोखायला `Conditional Access` मध्ये वेगळा नियम करून `Require device to be marked as compliant` ही अट घालावी लागते. मग पिन काढून टाकणाऱ्या फोनला ईमेल मिळेनासं होतं आणि तो पिन संध्याकाळपर्यंत परत येतो.

त्यातही एक खाच आहे. ज्या फोनला कोणताच नियम लागू केलेला नाही, त्याला काय समजायचं? इन्ट्यूनमध्ये `Mark devices with no compliance policy assigned as` या नावाची एक निवड आहे, आणि ती मुळात `Compliant` वर ठेवलेली असते. नवी परिचारिका रुजू झाली, तिला योग्य गटात टाकायचं राहिलं, तर तिच्या फोनला एकही नियम नाही आणि तरी तो पास. ही निवड पहिल्याच दिवशी `Not compliant` वर आणावी. तिच्या शेजारीच आणखी एक आकडा असतो: फोनने किती दिवस संपर्क केला नाही तर त्याला नापास धरायचं. मुळात तो ३० दिवस असतो. रोज कामाला बाहेर पडणाऱ्या माणसांच्या फोनसाठी सात दिवस पुष्कळ झाले.

आता तो फोन चोरीला जाऊ द्या. संध्याकाळची गर्दीची वेळ, स्वारगेटला बसमध्ये चढताना परिचारिकेच्या पर्समधून संस्थेचा फोन जातो. चोर सराईत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत फोन बंद करतो आणि सिम काढतो. परिचारिका घरी पोहोचून शेजारणीच्या फोनवरून कार्यालयाला कळवते तोवर तासभर उलटलेला असतो. आयटीवाला इन्ट्यून उघडतो, फोनचं नाव शोधतो, `Wipe` निवडतो. पडद्यावर शब्द येतो: `Pending`.

आदेश निघाला आहे, पोहोचलेला नाही. ॲपल किंवा गूगलच्या सूचना-यंत्रणेमार्फत फोनला हाक मारली जाते. फोन चालू आणि नेटवर असेल तर काही क्षणांत तो आदेश घेऊन जातो. आदेश मिळाल्यावरचं काम झटपट होतं, कारण सगळी साठवण खोडत बसावं लागत नाही. किल्ली नष्ट केली की उरलेली अक्षरं निरर्थक होतात, आणि ६४ जीबी असो की २५६ जीबी, वेळ तेवढाच. पण बंद, सिम नसलेला फोन हाक ऐकतच नाही. `Pending` काही मिनिटं राहील किंवा कायमचं. त्या काळात रुग्णांची माहिती राखतो तो पिन, आणि पिनमागचं एन्क्रिप्शन.

इथे चोराने केलेली एक गोष्ट संस्थेच्या फायद्याची ठरते. फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत मजकुराच्या किल्ल्या स्मृतीत आलेल्याच नसतात. याउलट, दिवसभर वापरात असलेला फोन नुसता स्क्रीन बंद करून ठेवला तर बहुतेक किल्ल्या स्मृतीत जाग्या असतात, आणि महागडी उपकरणं बाळगणारा हल्लेखोर त्या अवस्थेवरच डोळा ठेवून असतो. म्हणूनच ॲपलने २०२४ च्या आयओएस १८ मध्ये आणि गूगलने २०२५ मध्ये अशी सोय आणली की सलग तीन दिवस न उघडलेला फोन स्वतःहून रीस्टार्ट होतो. खिसेकापूला या सगळ्याशी घेणंदेणं नसतं, त्याला फोन विकायचा असतो. तरीही फोन पुढे कोणाच्या हातात जाईल ते त्यालाही माहीत नसतं.

अशा वेळी पायऱ्यांचा क्रम चुकला तर नुकसान होतं. सर्वांत आधी सर्व्हरच्या बाजूने परिचारिकेचं खातं बंद करायचं, चालू असलेली सगळी लॉगिन रद्द करायची आणि पासवर्ड बदलायचा. हे काम फोन बंद असला तरी होतं, आणि यानंतर त्या फोनवरून नवीन काही उतरवता येत नाही. मग वाइपचा आदेश. त्यानंतरच सिम बंद करायला टेलिकॉम कंपनीला फोन. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो: आधी सिम बंद करतो, आणि वाइपचा आदेश ज्या मोबाइल डेटावरून पोहोचला असता तो रस्ताच तोडतो. दूरसंचार खात्याच्या सीईआयआर पोर्टलवरून आयएमईआय बंद करण्याचंही तेच. त्याने देशातल्या नेटवर्कवर फोन निकामी होतो, पण आपला आदेशही अडतो. अर्थात सिमवर परिचारिकेचं स्वतःचं बँक खातं आणि यूपीआय असेल तर थांबायचं नाही. पैसे जाण्याचा धोका मोठा आहे, तिथे सिम लगेच बंद करावं आणि मजकुराचं रक्षण लॉकवर सोडावं. ही निवड चोरीच्या संध्याकाळी करायची नसते. ती आधीच कागदावर लिहून परिचारिकांच्या ओळखपत्रामागे द्यायची असते, कळवण्याच्या क्रमांकासह, कारण फोनमध्ये साठवलेला क्रमांक फोनबरोबरच गेलेला असतो.

वाइप झाल्यावर फोनचा ठावठिकाणा सांगणाराही कोणी उरत नाही, तेव्हा शोधायची काही आशा असेल तर आधी `Remote lock` करून पाहणारी कार्यालयं आहेत. रुग्णांच्या माहितीच्या बाबतीत तो जुगार खेळू नये. आणि एक लहानसा नियम: यादीतून त्या फोनची नोंद `Delete` करू नये. नोंद गेली की पुरावा गेला.

पुसण्याचा अधिकार जितका मोठा, तितकी त्याची चूक महाग पडते. टेक्सासमधल्या एका बांधकाम कंपनीत कर्मचारी स्वतःचा आयफोन कामासाठी वापरत होता. त्याने राजीनामा दिल्यावर कंपनीने दुरून फोन पुसला. कामाच्या ईमेलसोबत घरचे फोटो, व्हिडिओ, संपर्क असं सगळं गेलं. त्याने केंद्रीय न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने संगणक गैरवापर आणि साठवलेल्या संदेशांविषयीच्या केंद्रीय कायद्यांखालचे दावे फेटाळले. त्या कायद्यांच्या व्याख्येत ते नुकसान बसत नव्हतं. फोटो मात्र परत आले नाहीत. आज इन्ट्यूनमध्ये यासाठी दोन वेगळी बटणं आहेत. `Retire` फक्त कंपनीचा भाग काढतं, `Wipe` अख्खा फोन कोरा करतं. खासगी अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलवर दुसरं बटण मिळतच नाही, ही चांगली गोष्ट आहे. खासगी आयफोनवर मात्र सावध राहावं लागतं. साध्या पद्धतीने नोंदवला तर संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार कंपनीकडे येतो. २०१९ पासून ॲपलने ‘युजर एनरोलमेंट’ दिलं आहे. त्यात कामाचा डेटा वेगळ्या किल्लीच्या स्वतंत्र कप्प्यात राहतो आणि फोन पुसण्याचा अधिकार कंपनीला मिळत नाही. स्वतःच्या आयफोनवर काम करणाऱ्या परिचारिकेसाठी हाच मार्ग योग्य आहे. त्या बदल्यात संस्थेला लॉकबाबत कमी बोलता येतं, सहा आकड्यांचा अवघड पासकोड मागता येतो, त्यापलीकडे फारसं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये सिंगापूरने याहून मोठा धक्का पाहिला. तिथल्या शाळांत विद्यार्थ्यांची आयपॅड आणि क्रोमबुक ‘मोबाइल गार्डियन’ या एमडीएमखाली होती. ४ ऑगस्टला त्या कंपनीच्या यंत्रणेत बाहेरून घुसखोरी झाली आणि २६ माध्यमिक शाळांतल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची उपकरणं दुरून पुसली गेली. काहींच्या टिपणांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. शिक्षण मंत्रालयाने ते ॲप सर्व उपकरणांवरून काढून टाकलं. चोराविरुद्ध बनवलेली सोय एकाच ठिकाणाहून हजारो निरपराध उपकरणांवर चालली होती.

म्हणून पुण्याच्या त्या संस्थेत वाइपचा अधिकार असलेलं खातं रोजच्या ईमेलचं खातं असता कामा नये. त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवी, आणि शक्य असेल तिथे एकाने दिलेला पुसण्याचा आदेश दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय पुढे जाऊ नये. इन्ट्यूनमध्ये अशी दुहेरी मंजुरी लावता येते. अडचण अशी की संस्थेत आयटीवाला एकच आहे आणि चोरी रविवारी रात्रीही होते. दुसरी मंजुरी संचालिकेकडे ठेवावी आणि ती कशी द्यायची हे तिला प्रत्यक्ष करून दाखवावं. जखमांचे फोटो फोनवरच पडून न राहता लगेच सर्व्हरवर चढतात की नाही, हेही तपासावं. मग चुकून पुसलेला फोन अर्ध्या दिवसात पुन्हा उभा राहतो.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चोरीनंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे त्या फोनची शेवटची नोंद. अमेरिकेच्या आरोग्य नियमांत हरवलेली माहिती योग्य रीतीने एन्क्रिप्ट केलेली होती असं दाखवता आलं, तर रुग्णांना आणि सरकारला कळवण्याचं बंधन उरत नाही. दाखवता येणं हाच मुद्दा असतो. फोन तर चोराकडे आहे, तेव्हा साक्ष देते ती एमडीएममधली शेवटच्या संपर्काची ओळ. टेक्सासच्याच चिल्ड्रन्स मेडिकल सेंटर ऑफ डॅलसचा एक ब्लॅकबेरी २००९ साली विमानतळावर हरवला, सुमारे ३,८०० जणांच्या माहितीसह आणि पासवर्डशिवाय. तो आणि नंतर चोरीला गेलेला एक लॅपटॉप मिळून २०१७ साली त्या रुग्णालयाला ३२ लाख डॉलरचा दंड झाला.

भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि सुरक्षेविषयीच्या तरतुदी लागू व्हायला त्यापासून अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या नियमांत एन्क्रिप्शनचा नावाने उल्लेख आहे, वर्षभर नोंदी जपायला सांगितलं आहे, आणि माहिती फुटल्यास मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत मागितला आहे.

सहा तासांत उत्तरं शोधत बसता येत नाहीत, म्हणून संस्थेने एक जुना फोन सरावासाठी बाजूला ठेवावा. त्यावर सगळे नियम लावायचे, विमान मोड चालू करायचा, कार्यालयातून वाइप सोडायचं आणि `Pending` किती वेळ दिसतं ते पाहायचं. मग नेट चालू करून फोन कोरा व्हायला लागलेला वेळ मोजायचा. त्याच बैठकीत यादी शेवटच्या संपर्काच्या तारखेनुसार लावायची. तळाशी दोन-तीन फोन असे निघतात ज्यांनी महिना-दीड महिना तोंड दाखवलेलं नसतं. एखादी परिचारिका नोकरी सोडून गेलेली असते, एखादीने फोन बदललेला असतो, आणि एखादा फोन हरवलेला असतो, फक्त कोणी कळवलेलं नसतं. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा माग त्याच दिवशी काढायचा.